प्लग मांडीवर

सरसर फिरणारा नॉब मला नकोच होता. हे मी आधी सांगितलं होतं. अजूनही भेटेल त्याला सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझं हे बोलणं सगळे सोयीस्करपणे विसरले.

चिखलीत माझा भाड्याचा गाळा आहे. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला पॅकिंगच्या खोक्यांचं गोदाम. मी पंख्यांचे रेग्युलेटर बनवते. लग्न होऊन लातूरकडून इकडे आले तेव्हा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर सर्किटच्या पट्ट्या सोल्डर करायचे. सुपरवायझर उभा राहून नखं कुरतडायचा आणि आमच्या चुका मोजायचा. त्याच्याकडे बघूनच ठरवलं की आपला गाळा असला पाहिजे. झाला. कुणी दिला नाही, मी घेतला. भाव करून घेतला.

गिऱ्हाईक चऱ्होलीचं होतं. जुनं गावकीचं घर, शेतजमिनीवर आता बिल्डिंगी. दादा म्हणायचे सगळे त्यांना, मीही म्हणायचे. त्यांनी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली होती. स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी दिवसभर तिथे पुस्तकात मान घालून बसतात. बोलायचं नाही, फोन वाजवायचा नाही, खुर्ची ओढायची नाही. अशा जागी पंखे फिरवायचे तर रेग्युलेटर कसला हवा, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. कपॅसिटरचा घ्या, पायऱ्यांचा. चार पायऱ्या, टक टक टक टक, पण आवाज नाही.

त्यांनी कुठल्याशा सॅम्पल फ्लॅटमध्ये गोल नॉब पाहिला होता. हळूहळू फिरवला की पंखाही हळूहळू वाढणारा. म्हणाले, "पायऱ्या न्हाईत पायजे ताई. कसं सरसर फिराय पायजे." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हात फिरवून दाखवला. शेवटी मी सरसर फिरणारे दिले. गिऱ्हाइकाला दोनदा सांगावं, तिसऱ्यांदा सांगितलं तर ते शेजारच्याकडे जातं. आणि मला त्यांच्याकडून पुढचं काम हवं होतं. चऱ्होलीत त्यांच्या भावकीची एक मोठी बिल्डिंग उभी राहत होती, सगळ्या मजल्यांचे रेग्युलेटर एकाच हातून घेणार होते. अभ्यासिका म्हणजे त्या बिल्डिंगची परीक्षा होती. ती माझी होती, पोरांची नव्हती.

थोड्याच दिवसांत फोन आला. पंखे घूं-घूं करतात. पोरं म्हणतात कानात मधमाशी शिरल्यागत होतं. फुल्लवर आवाज नाही, अगदी कमीवर थोडा, आणि मधल्या वेगाला सगळ्यात जास्त. आणि पोरांना हवा असायचा नेमका मधलाच वेग, कारण फुल्लवर पानं उडतात.

मला आश्चर्य वाटलं नाही. राग आला.

राग का आला ते सांगायचं तर हे नॉब काय करतात ते सांगावं लागेल. घरातली वीज दोन्ही दिशांनी हेलकावे खाते, एकीकडून दुसरीकडे, सेकंदाला पन्नास वेळा. प्रत्येक हेलकावा गुळगुळीत चढतो, गुळगुळीत उतरतो. गोल नॉबच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायक नावाचा एक छोटा तुकडा असतो. तो प्रत्येक अर्ध्या हेलकाव्याला सुरुवातीला दार बंद ठेवतो आणि मग मध्येच एकदम उघडतो. जितकं उशिरा उघडेल तितकी कमी वीज पंख्यात जाते, तितका पंखा मंद. पण ते दार हळू उघडत नाही. धाडकन उघडतं. सेकंदाला शंभर वेळा धाडकन. मोटारीच्या आतल्या लोखंडी पट्ट्या आणि तांब्याची गुंडाळी त्या प्रत्येक धक्क्याला थरथरतात, आणि ती थरथर म्हणजेच तो घूं आवाज. मधल्या वेगाला दार नेमकं हेलकाव्याच्या माथ्याजवळ उघडतं, म्हणून तिथे धक्का सगळ्यात मोठा. फुल्लवर ते जवळजवळ सुरुवातीलाच उघडतं, म्हणून तिथे शांत.

मी दादांना फोनवर वेगळ्या पद्धतीने सांगितलं. तुम्ही कंपनीच्या बसने चाकण चौकातून गेलाय का? ड्रायव्हर दोन प्रकारचे असतात. एक जण गाडी सावकाश एका वेगात सरकवतो. दुसरा ॲक्सिलरेटर दाबतो, सोडतो, दाबतो, सोडतो. दोघंही सारख्याच वेळात चौक पार करतात. पण दुसऱ्याच्या बसच्या काचा खडखडतात. तुम्ही दुसरा ड्रायव्हर मागितलात.

दादा म्हणाले, "ते आमाला काय ठावं न्हाई. आमचा वायरमन म्हन्तो पीस खराब हाय."

तेव्हा मी म्हटलं, या गाळ्यावर. वायरमनलाही आणा. ऐकून जा.

माझ्या गाळ्याची एक रीत आहे ती इथे सांगावी लागेल. गाळ्यात बायकाच काम करतात, आणि त्या दिवसांत माझी धाकटी जाऊ नवीन आली होती. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, चाकणला कंपनीत. शिफ्ट बदलत राहते, ओव्हरटाइम असतो. मुलं शाळेत गेली की ती गाळ्यावर यायची. तिचा हात चांगला होता, सोल्डर कमी घ्यायची, जळवायची नाही. पण वीज तिला पाण्यासारखी वाटायची. नळ बंद केला की संपलं, असं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे कुणीही सर्किटची पट्टी उघडली तर तिचा प्लग सॉकेटमधून काढायचा आणि स्वतःच्या मांडीवर ठेवायचा. टेबलावर नाही, खाली लोंबकळत नाही. मांडीवर. म्हणजे दुसरी कुणी घाईत उचलून लावू शकत नाही, आणि तुला स्वतःला दिसत राहतं की तो कुठे आहे. बायका त्यावरून हसायच्या. प्लग म्हणजे तान्हं पोर, असं म्हणायच्या. हसा. पण मांडीवर ठेवा.

प्लग काढल्यावरही लगेच हात घालायचा नाही, कारण कपॅसिटर वीज धरून ठेवतो. तो रिकामा व्हायला त्यावर आडवा एक रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असू शकतो. म्हणून थोडं थांबायचं, मग मीटरने बघायचं. आणि गोल नॉबचं प्लॅस्टिक निघालं तर आतल्या दांड्याला बोट लावायचं नाही, कारण तो सगळा भाग सरळ लाइनवर असतो. रिमोटने किंवा नॉबने पंखा बंद केला म्हणजे तार मेली असं नाही. ट्रायक बंद असतानाही थोडी वीज झिरपते. मेन स्विच किंवा प्लग, बाकी काही मानायचं नाही. हे सगळं ती मान डोलावून ऐकायची.

बेंचला मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावलेला आहे. कुदळवाडीच्या भंगारातून आणला, एका मोडलेल्या मशीनमधला. भंगारवाल्याशी इतकी घासाघीस केली की तो म्हणाला, ताई, आता मलाच घेऊन जा. त्यात दोन गुंडाळ्या अगदी वेगळ्या असतात, तारेने कुठेच जोडलेल्या नाहीत. वीज लोखंडातून चुंबक होऊन पलीकडे जाते. त्यामुळे पलीकडची बाजू जमिनीशी बांधलेली नसते, आणि चुकून एका तारेला हात लागला तर जमिनीतून झटका बसत नाही. दोन्ही तारांना एकदम लागला तर मात्र ट्रान्सफॉर्मरच काय, देवही वाचवत नाही. म्हणून एक हात पाठीमागे. घेताना मी मीटर लावून बघितलं होतं की दोन बाजूंत खरंच काही जोड नाही. भंगारवाला काय, कुणाच्या शब्दावर मी एवढी वस्तू घेत नाही.

दादा आणि त्यांचा वायरमन दुपारी आले. वायरमन चाळिशीचा, अंगाने भरलेला, हातात जड पेटी. मी लोखंडी पाइपच्या घोडीवर पंखा टांगून ठेवला होता. आधी त्यांचाच गोल नॉब जोडला. मधल्या वेगाला घूं सुरू झालं. मग माझा पायऱ्यांचा जोडला. कपॅसिटर दार आपटत नाही. तो आख्खा हेलकावा जाऊ देतो, फक्त लहान करून. पंखा फिरला आणि नुसती हवा ऐकू आली. दादांनी कान पुढे केला. मला वाटलं, झालं.

वायरमनने पेटी उघडली. आत डिमरस्टॅट होता, वर मोठी चकती असलेला गोल ट्रान्सफॉर्मर, ज्याने व्होल्टेज हवं तेवढं कमी करता येतं. माझ्या बेंचची सगळी जागा भरलेली होती, म्हणून त्याने तो भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि पंखा त्याला जोडला. चकती फिरवली, पंखा मंद झाला, आवाज नाही. माझ्याकडे न बघता तो दादांना म्हणाला की बघा, व्होल्टेज कमी केलं तरी पंखा ओरडत नाही. म्हणजे पंखा चांगला आहे, वीज कमी करण्यातही काही नाही. खोट ताईंच्या मालात आहे.

मी म्हटलं, अहो, हेच तर मी सांगते. तुमचा डिमर पण आख्खा हेलकावाच लहान करतो. तो ट्रायकसारखा मध्येच कापत नाही. तुमच्या दादांनी कापणारा मागितला. तो म्हणाला, कापणारे चांगल्या कंपनीचे ओरडत नाहीत. मी म्हटलं, कमी ओरडतात, आत गाळणी म्हणून गुंडाळी घालतात, पण कापतात तर ओरडतातच. तो म्हणाला, मग सरळ नवे बीएलडीसी पंखे घ्या दादा, रेग्युलेटरच नको. मी म्हटलं, घ्या ना, सगळे पंखे काढून टाका, त्यांचं स्वतःचं सर्किट असतं, त्यांना रेग्युलेटर लावायचाच नसतो. पण मग आत्ताचे नवेकोरे पंखे कुणाच्या लग्नात द्यायचे?

दादा हसले. वायरमनला ते लागलं. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. चकती शून्यावर आणली, पंखा थांबला. त्याने मीटरची दोन टोकं डिमरच्या दोन तारांना लावून दादांना दाखवलं. शून्य. मग माझ्या जावेला म्हणाला, "ताई, ह्या दोन तारा काढा. बंद आहे. त्यांचा पीस परत लावून बघू."

जाऊ माझ्याकडे बघणार होती, मला दिसलं. पण समोर मोठा माणूस, गिऱ्हाईक, हातात मीटर, मीटरवर शून्य. तिने पक्कड खाली ठेवली आणि बोटांनीच तार धरायला हात पुढे केला. पायात स्लिपर नव्हती, गाळ्यात ती काढूनच बसायची. खाली सिमेंटची फरशी, सकाळी पुसलेली.

माझा आवाज गाळ्याबाहेर गेला असेल. "हात मागे घे."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, रडवेली झाली होती. मी जाऊन तो प्लग भिंतीतून उपसून काढला.

वायरमन म्हणाला, "अहो, शून्यावर आणलाय. मीटर दाखवला ना."

मी त्याच्याच पेटीतला टेस्टर घेतला, प्लग परत लावला, सगळ्यांना मागे उभं केलं. चकती शून्यावरच. टेस्टर एका तारेला लावला. पेटला. दुसऱ्या तारेला लावला. तोही पेटला.

दादा म्हणाले, "हे काय इपरीत?"

इपरीत काही नव्हतं. डिमरस्टॅटमध्ये एकच गुंडाळी असते, घरच्या विजेची आणि पंख्याकडे जाणाऱ्या विजेची एक तार सामाईक असते. ती सामाईक तार न्यूट्रलची असेल तर शून्यावर दोन्ही तारा थंड. पण सॉकेटची जोडणी उलटी असेल, फेजच्या जागी न्यूट्रल आणि न्यूट्रलच्या जागी फेज, तर शून्यावर दोन्ही तारा फेजच, म्हणजे जिवंत होतात. मीटर दोन्ही तारांमधला फरक मोजतो. फरक नाही, म्हणून शून्य. पण तिच्या बोटापासून ओल्या फरशीपर्यंत पूर्ण लाइन होती. ट्रान्सफॉर्मर दिसतो म्हणून लोकांना वाटतं की तो वेगळं करतो. हा नाही करत. एकट्या टेस्टरवरही मी विसंबत नाही, पण पेटला तर तो खोटं बोलत नाही.

मी वायरमनला एवढंच म्हटलं, "शून्य बघितलंत. कशापासून शून्य, ते बघितलं नाहीत."

तो लाल झाला. मग त्याने जे केलं ते मी अजून विसरले नाही. तो दादांकडे वळला आणि म्हणाला, "सॉकेट उलटं कुणाच्या गाळ्यातलं आहे, दादा? ह्यांच्याच. आणि ह्या आपल्याला शिकवणार."

खरं होतं, सॉकेट माझ्याच गाळ्यातलं होतं. जोडलं होतं गाळामालकाच्या माणसाने. त्या सॉकेटवर आम्ही फोन चार्ज करायचो, उलटं असलं तरी फोन चार्ज होतो. बेंचची लाइन वेगळी होती, ती मी स्वतः ओढलेली. पण हे सगळं सांगायला लागले की माणूस सफाई देत असल्यासारखा दिसतो, आणि सफाई देणारा हरलेला दिसतो. मी ओरडले. वायरमनला ओरडले, गाळामालकाला ओरडले, तो तिथे नव्हता तरी. म्हटलं, त्या बाईला तुमच्या शब्दावर तार धरायला लावलीत, तुमचा शब्द तिच्या दोन पोरांना जेवू घालणार होता का? दादांनी हात वर केला, बास म्हणून. मी थांबले नाही.

अभ्यासिकेचे सगळे गोल नॉब मी बदलून दिले. दादा म्हणाले आता पायऱ्यांचेच बसवा, जणू ते त्यांनाच सुचलं होतं. बसवायला मी आणि जाऊ गेलो. मेन बंद केला, त्यावर तिने स्वतःच चिकटपट्टी लावून "हात लावू नये" लिहिलं. बोर्डात प्लग नसतो, मांडीवर ठेवायला काही नव्हतं, तर मेनच्या खोलीची किल्ली तिने पदराला बांधली. मला न विचारता. पोरं पुस्तकं घेऊन जिन्यात बसली होती. पंखे सुरू केले, मधली पायरी, आणि त्या हॉलमध्ये एवढं शांत झालं की एकीने जांभई दिलेली ऐकू आली.

खाली उतरताना मी दादांना चऱ्होलीच्या बिल्डिंगचं विचारलं. ते चपला शोधत होते, चपला समोरच होत्या.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "माल तुमचा चांगला हाय. पर आमच्या मानसाला तुमी चारचौघांत बोललात. भावकी म्हन्ते, बाई तापट हाय. उद्या सोसायटीच्या लोकांनाबी बोलंल."

मी म्हटलं, तुमच्या माणसाने माझ्या माणसाला चारचौघांत मारलं असतं. ते चपला घालत राहिले. काम त्यांनी वायरमनलाच दिलं. त्याने कोणते रेग्युलेटर बसवले मला माहीत नाही. विचारलंही नाही. तिथून रिक्षा गेली की मी दुसरीकडे बघते.

भिंतीतलं सॉकेट मी गाळामालकाला सरळ करायला सांगितलं. तो आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. शेवटी मेन बंद करून मीच सरळ केलं. तेव्हा तो लगेच आला, परवानगी न घेता वायरिंगला हात का लावला म्हणून.

आणि मागच्या महिन्यात दादांचा फोन. मला वाटलं, बिल्डिंगचं काहीतरी. मी उचलला तेव्हा सोल्डरची काडी हातातच होती.

"ताई, पंख्यांचा आवाज गेला म्हनून आता पोरांना भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय. टिक टिक. लई तरास होतोय म्हन्त्यात. तुमच्याकडं काय हाय का?"

मी विचारलं, चऱ्होलीच्या बिल्डिंगमधल्या पंख्यांचं कसं चाललंय. ते म्हणाले, घड्याळाचं बोला.

मी म्हटलं, "सेल काढा. त्याला मेन बंद करावा लागत नाही."

ते हसले, खूप वेळ हसले. मी हसले नाही. समोर जाऊ एक पट्टी उघडून बसली होती, आणि प्लग तिच्या मांडीवर होता.